पाळी गेली, तरी लुगड्याला डाग: पाणी योनीतून येतंय की पिशवीतून?

कापसाची वेचणी सरली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात साठ-पासष्टीच्या बायका दिसायला लागतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. दुखणं दिवाळीपासूनचं असतं, पण वावरातलं काम सोडून कोण येणार? त्या दिवशी दोन जावा सोबत आल्या. थोरली एकसष्टची, धाकटी सत्तावन्नची. तक्रार थोरलीची होती आणि धाकटी फक्त सोबतीला आली होती.

"दुखत काहीच नाही डॉक्टरीनबाई," थोरली म्हणाली. "फक्त पाणी जाते. कवा पांढरं, कवा गुलाबी. लुगड्याले डाग पडते. मले वाटलं, उष्णता झाली असन."

धाकटी खाली मान घालून ऐकत होती. थोरलीला तपासायला आत घेतलं तेव्हा ती दारातूनच हळू म्हणाली, "मलेबी तसंच होते, पण कमी."

एकच तक्रार, एकच घर. पुढच्या तीन आठवड्यांत दोघींची निदानं पार वेगळी निघाली. ती कशी वेगळी काढली, तेच इथे सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

आधी हे ठरवू की पाळी गेली म्हणजे काय. सलग बारा महिने पाळी आली नाही तर ती गेली असं धरतात. त्यानंतर अंगावरून लाल, गुलाबी, तपकिरी असं काहीही गेलं, मग तो एकच डाग का असेना, तो रक्तस्राव समजून तपासायचा असतो. 'पाळी परत आली' असं या वयात होत नाही. गावात पुष्कळ बायका 'जाता जाता पाळीनं एकदा तोंड दाखवलं' म्हणून ते सोडून देतात आणि त्यातच वर्ष निघून जातं.

आता पाणी येतं कुठून ते पाहू. पहिली जागा म्हणजे योनीमार्ग, ज्याला आपल्याकडे मायांग म्हणतात. पाळी चालू असते तोवर बीजकोशातून एस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक येत असतं. त्याच्या जोरावर योनीची कातडी जाड, ओलसर आणि घड्याघड्यांची राहते. त्या कातडीच्या पेशींत एक प्रकारची साखर साठलेली असते. योनीतले चांगले जंतू ती खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे वाईट जंतूंना तिथे थारा मिळत नाही. पाळी गेली की एस्ट्रोजेन आटतं. कातडी कागदासारखी पातळ होते, साखर कमी होते, चांगले जंतू उपाशी मरतात आणि आम्ल उतरतं. मग पातळ, पिवळसर पाणी जायला लागतं, आग होते, खाज येते, संबंध दुखतात, लघवीला घाईची होते आणि वारंवार जळजळते. इतक्या पातळ कातडीला जरा काही घासलं तरी रक्ताचे बारीक ठिपके फुटतात आणि पाणी गुलाबी होतं. यात कर्करोग नाही. त्रास मात्र खरा आहे, आणि त्यावर इलाजही आहे.

दुसरी जागा गर्भपिशवी. पिशवीच्या आतल्या अस्तरालाही एस्ट्रोजेन लागतं. ते आटलं की अस्तर वाळून पातळ होतं, आणि कधीकधी त्या वाळलेल्या अस्तरातूनही दोन थेंब रक्त येतं. हाही साधाच प्रकार. पण अस्तर पातळ होण्याऐवजी वाढायला लागलं तर? कुठे मांसाचा छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. कुठे सगळं अस्तरच जाड होतं, आणि त्यातल्या काहींचं पुढे कर्करोगात रूपांतर होतं. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या शंभर बायका तपासल्या तर साधारण नऊ जणींना पिशवीच्या अस्तराचा कर्करोग सापडतो. म्हणजे नव्वदीहून जास्त जणींना तो नसतो. पण आकडा उलट बाजूनेही पाहावा लागतो. हा कर्करोग झालेल्या शंभरातल्या नव्वदेक जणींना आधी असंच रक्त गेलेलं असतं. शरीर खूण देतं आणि बहुतेक वेळा लवकर देतं, म्हणून मी त्या एका डागासाठी इतका आग्रह धरते.

बीजकोश थकल्यावर अस्तर वाढवायला एस्ट्रोजेन येतं कुठून, असा प्रश्न पडेल. ते चरबीतून येतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून थोडी पुरुषी संप्रेरकं निघत राहतात आणि अंगावरची चरबी त्यांचं एस्ट्रोजेन करते. पाळी चालू असताना एस्ट्रोजेनला लगाम घालणारं दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, दर महिन्याला येतं. पाळी गेल्यावर ते येत नाही. त्यामुळे अंगानं जाड असलेल्या बाईच्या अस्तराला रोज थोडं खत मिळत राहतं आणि निंदायला कोणी नसतं. मधुमेह, रक्तदाब, पाळी उशिरा जाणं, मूलबाळ नसणं, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असणं, घरात आई-बहिणीला पिशवीचा किंवा आतड्याचा कर्करोग झालेला असणं, हे सगळं म्हणूनच विचारावं लागतं. अर्थात काडीसारख्या बारीक बाईलाही हा रोग होतो. वजन पाहून कोणालाच सोडून देता येत नाही.

थोरलीची पाळी चोपन्नाव्या वर्षी गेली होती. मधुमेह दहा वर्षांचा, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. सहा महिन्यांपूर्वी पाणी सुरू झालं तेव्हा तिने एका खासगी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथे आधी आत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या, मग एस्ट्रोजेनचं मलम. मलमाने आग थांबली, पाणीही कमी झालं. दोन महिन्यांनी गुलाबी डाग परत आले, तेव्हा पुन्हा तेच मलम लिहून मिळालं. आत पाहून तपासणी एकदाही झाली नव्हती आणि सोनोग्राफीही नव्हती.

नेमकी इथे गफलत होते. या वयाच्या बहुतेक बायकांची योनी थोडीफार पातळ झालेलीच असते. त्यामुळे डॉक्टरला ती पातळ दिसणारच, आणि 'हेच कारण' म्हणून तपास थांबवणं सोपं जातं. पण पातळ योनी आणि बिघडलेली पिशवी एकाच बाईत सुखाने नांदू शकतात. योनीत कारण सापडलं म्हणून पिशवी निर्दोष ठरत नाही. पिशवी स्वतंत्रपणे पाहावी लागते आणि ती चांगली निघाली तरच 'योनीमुळे' असं म्हणता येतं.

पाण्याच्या रंगावरून ठरवता येईल का, असं बायका विचारतात. खात्रीने नाही. आग, कोरडेपणा, लघवीची जळजळ जास्त असेल तर योनीकडे बोट जातं. आग अजिबात नाही आणि डाग मात्र पडतोय, तर पिशवीची शंका वाढते. घाण वासाचं, मांस धुतल्यासारखं पाणी असेल तर पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आधी मनात येतो. आपल्याकडे तो अस्तराच्या कर्करोगापेक्षा जास्त दिसतो. हे सगळे फक्त अंदाज आहेत. निकाल तपासणीतच लागतो.

तपासणीची सुरुवात एका साध्या गोष्टीने होते, ती म्हणजे रक्त नक्की कुठलं. लघवीतून येणारं रक्त, मूळव्याधीचं रक्त आणि अंगावरचं रक्त लुगड्यावर एकसारखंच दिसतं. अंग बाहेर येत असेल तर त्या बाहेर आलेल्या भागावर कापड घासून जखम होते आणि तीही रक्त देते. वाकून काम करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या आमच्या भागातल्या बायकांत हे पुष्कळ दिसतं, पण लाजेने त्या ते सांगत नाहीत. म्हणून मी स्वतःच विचारते, "मावशी, खोकलताना अंग खाली येते काय?"

मग योनीच्या भिंती बाजूला धरणारं स्पेक्युलम नावाचं उपकरण लावून आत पाहतात. पातळ योनीसाठी लहान आकाराचा घ्यायचा आणि हळू लावायचा, नाहीतर तपासतानाच रक्त काढून आपणच फसतो. योनी पातळ असेल तर भिंत फिकी, गुळगुळीत, घड्या गेलेली दिसते आणि मध्येमध्ये लाल टिंबं असतात. कापसाचा बोळा टेकवला तरी ती ओलावतात. योनीची आम्लता पाहायला कागदाची पट्टी असते. पाळी चालू असलेल्या निरोगी बाईत ती 4.5 च्या खाली दाखवते, पातळ योनीत 5 च्या वर जाते.

त्यानंतर पिशवीचं तोंड पाहायचं. तिथे फुलकोबीसारखी गाठ किंवा व्रण दिसला तर वाट न पाहता त्याचाच तुकडा तपासायला घ्यायचा. तोंड स्वच्छ असेल तर त्याच्या छिद्राकडे लक्ष द्यायचं. छिद्रातून रक्ताचा ओघळ येताना दिसला की रक्त वरून, पिशवीतून येतंय हे डोळ्यांनीच कळलं. पण आज ओघळ नाही म्हणून उद्या नसेलच असं नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावच्या शिबिरात पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावून तपासणी होते, किंवा तिथल्या पेशी खरवडून पॅप स्मिअर घेतात. ती चांगली निघाली की 'पिशवी तपासली, काही नाही' असा निरोप घरी जातो. ती तपासणी पिशवीच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराची नाही. घराचं दार नीट आहे म्हणून आतल्या चुलीचं काही कळत नाही. शिवाय पाळी गेल्यावर पिशवीच्या तोंडाचा जो भाग तपासायचा असतो तोच आत सरकतो, त्यामुळे या वयात औषध लावून केलेली तपासणी पुरेशी भरवशाची राहत नाही.

थोरलीची योनी मलमामुळे बऱ्यापैकी सावरलेली होती. लाल टिंबं नव्हती. म्हणजे गुलाबी पाण्याला योनीत कारण उरलं नव्हतं, तरी डाग पडतच होते. धाकटीची योनी मात्र पुस्तकातल्या चित्रासारखी होती, फिकी, ठिपक्याठिपक्यांची, बोळा लावताच ओलावणारी. तिची पाळी सहा वर्षांपूर्वी गेली होती. अंगाने बारीक, साखर नाही, रक्तदाब नाही. तरी सोनोग्राफी मी दोघींनाही सांगितली.

ही सोनोग्राफी पोटावरून नाही, खालून करायची असते. बारीक दांडी योनीत ठेवून पिशवी जवळून पाहतात. त्यासाठी लघवी करून मोकळं व्हायचं. पोटावरून करतात तशी भरलेली लघवी यात नको. पोटावरून अस्तर नीट मोजता येत नाही, म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' असा कागद घेऊन कोणी आलं तर मी आधी ती कुठून केली आणि अस्तराची जाडी लिहिली आहे का ते पाहते. जाडी लिहिलेलीच नसेल तर या तक्रारीसाठी त्या कागदाचा उपयोग नाही.

अस्तराच्या दोन्ही बाजू मिळून जाडी मोजतात, आणि सीमा आहे 4 मिलिमीटर. ज्वारीचा दाणा साधारण तेवढाच असतो. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या बाईत अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर तिथे कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी राहते. त्याहून जाड असेल तर कर्करोगच आहे असं नाही, पण तुकडा घेऊन पाहिल्याशिवाय सोडता येत नाही. या मापाला मर्यादा आहेत. काही थोडे, पण आक्रमक कर्करोग पातळ अस्तरातही लपतात. म्हणून रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर जाडी कितीही असो, तुकडा घ्यायचाच. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईत सोनोग्राफीवर अस्तर उगीचच जाड दिसतं, तिथे या मापावर विसंबता येत नाही. पिशवी वाकडी असली किंवा गाठी असल्या आणि अस्तर धड दिसलंच नाही, तर ते 'नॉर्मल' धरायचं नसतं, 'दिसलं नाही' असंच धरायचं.

धाकटीचं अस्तर 3 मिलिमीटर भरलं. थोरलीचं 11.

थोरलीला तुकडा काढण्याबद्दल सांगितलं तेव्हा ती घाबरली. "पोट चिरता काय?" नाही. दुखणं कमी करायची गोळी तासभर आधी देतात. पूर्वीसारखंच स्पेक्युलम लावून, पिशवीच्या तोंडातून सुमारे 3 मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी आत सरकवतात. नळीतली दांडी मागे ओढली की पिचकारीसारखी ओढ तयार होते, आणि नळी गोल फिरवत मागेपुढे केली की अस्तराचे बारीक कण आत ओढले जातात. पाळीत येते तशी कळ मिनिट-दोन मिनिटं येते. बेशुद्ध करत नाहीत, अर्ध्या तासाने बाई घरी जाते. कण लगेच फॉर्मालिनच्या बाटलीत घालतात, पाण्यात नाही. पाण्यात ते खराब होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. बाटलीवर नाव आणि तारीख आपल्यासमोर लिहून घ्यावी. बाटली दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जायची असते तेव्हा अदलाबदल होऊ नये.

यातही अडचणी येतात. वयामुळे पिशवीचं तोंड आवळलेलं असतं आणि नळी जातच नाही. मग तोंड सैल करायचं औषध देऊन पुन्हा प्रयत्न करतात किंवा भूल देऊन करतात. कधी 'नमुना अपुरा' असा अहवाल येतो. अस्तर ज्वारीच्या दाण्याएवढंच असेल तर ते समजण्यासारखं आहे, कारण काढायला तिथे काही नसतंच. पण अस्तर 11 मिलिमीटर असताना 'अपुरा' आला तर तो निकाल नाही. नळी आंधळेपणाने फिरते. एका कोपऱ्यातला पॉलिप तिच्याकडून निसटू शकतो. अशा वेळी हिस्टेरोस्कोपी करतात, म्हणजे बारीक दुर्बीण पिशवीत घालून डोळ्यांनी पाहून तिथलाच तुकडा काढतात. त्यासाठी आमच्याकडून बाईला यवतमाळला किंवा सेवाग्रामला जावं लागतं. एसटीचा एक दिवस जातो, पण तो वाचवण्यासारखा दिवस नाही.

एका गोष्टीवर मी कोणाशीच तडजोड करत नाही. तुकड्याचा अहवाल हातात नसताना 'पिशवीच काढून टाकू, कटकट मिटेल' हा सल्ला घेऊ नये. कारण योनी पातळ झाल्याचं असेल तर पिशवी काढून पाणी थांबणार नाही, बाई उगीच चिरली जाईल. आणि कर्करोग असेल तर शस्त्रक्रिया साध्या पिशवीसारखी करत नाहीत. बीजकोश आणि नळ्याही काढतात, आजूबाजूला रोग गेलाय का ते पाहतात, गरज वाटली तर लसिका गाठी तपासतात. अर्धवट शस्त्रक्रिया झाली की पुढच्या डॉक्टरला रोग कुठवर होता हे कळतच नाही.

थोरलीचा अहवाल नऊ दिवसांनी आला. अस्तराचा कर्करोग होता, पहिल्या प्रतीचा, म्हणजे संथ वाढणारा. तिला सेवाग्रामला पाठवलं. एमआरआयमध्ये रोग पिशवीच्या भिंतीत अर्ध्यापेक्षा कमी खोल दिसला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया झाली आणि काढलेली पिशवी तपासल्यावर खोली तेवढीच निघाली. पुढे किरणोपचार लागले नाहीत, फक्त ठरलेल्या तारखांना तपासायला जायचं. सहा महिने मलमात गेले होते, तरी रोग पिशवीबाहेर पडला नव्हता. संथ जातीचा होता म्हणून निभावलं. आक्रमक जातीला तेवढा वेळ पुरला असता.

धाकटीला एस्ट्रोजेनचं मलम दिलं. तेच, जे थोरलीला आधी मिळालं होतं. मलमात चूक नव्हतीच, ते कधी दिलं यात चूक होती. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, सोबत येणाऱ्या मापाच्या नळीने आत लावायचं. आग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कमी होऊ लागते, कातडी पुरती सावरायला दोन-तीन महिने लागतात. बंद केलं की त्रास हळूहळू परत येतो, कारण एस्ट्रोजेन पुन्हा आटतं. इतक्या कमी मात्रेचं औषध जागेवरच काम करतं, अंगात फार थोडं जातं. तरी स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं.

जाताना तिला एवढंच सांगितलं, "तीन महिन्यांनी दाखवायला या. मधात एक जरी लाल डाग दिसला, तर मलम चालू आहे म्हणून थांबू नका."

ती आठ महिन्यांनी आली, ऐन पेरणीच्या दिवसांत. सकाळच्या पहिल्या एसटीने, एकटी. लुगड्याचा तुकडाच सोबत आणला होता, त्यावर चवलीएवढा तपकिरी डाग. "थोरलीनं धाडलं," म्हणाली. अस्तर पुन्हा 3 मिलिमीटरच भरलं, पण ही दुसरी वेळ होती, म्हणून या खेपेला नळी घालून तुकडा घेतला. आठवड्याने अहवाल आला: वयानुसार वाळलेलं अस्तर, कर्करोगाच्या पेशी नाहीत. मलम आठवड्यातून दोनदा चालू ठेवलं.